खाडाखोड झालेल्या पानावर शेवटचा प्रयत्न कुठला धरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या बीजगणिताच्या सराव चाचण्या आम्ही फोटोवरून तपासतो. मुलं घरी दोन तास लावून चाळीस गुणांचा पेपर सोडवतात, पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि संध्याकाळी सात-आठ जण ते वाटून घेतात. नवा तपासनीस आला की पहिल्या आठवड्यात त्याची गाडी गणितापेक्षा खाडाखोडीपाशीच अडते. ‘ताई, यातली कुठली ओळ धरू?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली.

शेवटचा प्रयत्न म्हणजे पानावरची सगळ्यात खालची ओळ, असं धरलं तर चालेल का?

नाही चालणार. पेपर संपत आला की मुलांना जागा पुरत नाही. दुरुस्ती मग समासात जाते, दोन ओळींच्या फटीत बसते, कधी प्रश्न क्रमांकाशेजारच्या मोकळ्या कोपऱ्यात चढते. सगळ्यात खाली राहिलेली ओळ पुष्कळदा पहिल्याच, सोडून दिलेल्या रीतीची असते.

‘शेवटचा’ हा शब्द इथे काळाचा आहे. मुलाने पेन खाली ठेवलं त्या क्षणी त्याने जे उभं ठेवलं होतं, तो त्याचा शेवटचा प्रयत्न. फोटोत काळ दिसत नाही, त्याच्या खुणा मात्र दिसतात. पहिली खूण काट, आणि काट मारलेल्याच्या जागी दुसरं काही लिहिलंय का ते. दुसरी खूण पुढची ओळ: ती कोणत्या ओळीतून निघाली आहे? तिसरी खूण नवे लोक बघतच नाहीत, ती म्हणजे जागा. नंतर लिहिलेलं आधी लिहिलेल्याला वळसा घालतं. अक्षर लहान होतं, ओळ वर चढते, चौकट एका बाजूने दबते. आधीच्या लिखाणाला नंतरचं येणार हे ठाऊक नसतं, त्यामुळे ते ऐसपैस बसलेलं असतं.

खोडलेली ओळ बरोबर आहे आणि तिच्याऐवजी लिहिलेली चूक आहे. बरोबर असलेलीला गुण देऊ का?

देऊ नका. मुलाने खोडून त्या जागी दुसरं लिहिलं, म्हणजे त्याने निवड केली, आणि आपण त्या निवडीला गुण देतो. हात आखडतो हे मला माहीत आहे, माझाही आखडतो. पण चूक खोडून बरोबर लिहिणाऱ्याला आपण दुसऱ्या ओळीचे गुण देतो ना? मग उलट बाजूनेही तोच नियम लागला पाहिजे. दर वेळी दोन्हींतलं चांगलं ते उचललं, तर दोन उत्तरं लिहून एक हलकेच खोडणारा मुलगा कायम फायद्यात राहील.

आणि खोडलंय, पण त्याऐवजी काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा?

इथे जगभर एकमत नाही. म्हणून नियम पेपर हातात घेण्याआधी ठरवायचा असतो. ब्रिटनच्या एडेक्सेल मंडळाच्या गणिताच्या परीक्षकांना सूचना असते की विद्यार्थ्याने पर्यायी उत्तर लिहिलं नसेल, तर खोडलेलं कामही तपासा. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, याच्या उलट सांगतं: विद्यार्थ्याने ‘हे तपासा’ असं स्पष्ट लिहून ठेवलं नसेल, तर खोडलेल्याला गुण नाहीत. मुंबई-पुण्यातल्या आयबी शाळांमधली मुलं आणि त्यांची एडेक्सेलवाली चुलत भावंडं यांची पानं एकसारखीच खोडलेली असली, तरी गुण वेगळे पडू शकतात.

आम्ही सरावासाठी पहिला नियम घेतलाय. पर्याय नसेल आणि वाचता येत असेल, तर खोडलेलं तपासायचं. आम्हाला मुलाला काय येतं हे कळून हवं आहे, आणि वेळ संपता संपता घाबरून मारलेली काट त्याबद्दल फारसं काही सांगत नाही. पण शेरा लिहायचाच: ‘खोडलेल्या कामाला गुण दिले आहेत, परीक्षेत यावर भरवसा ठेवू नकोस.’

एका आकड्यावर तिरपी रेघ आहे. तो खोडलाय असं समजायचं का?

आधी तो अपूर्णांकात आहे का ते बघा. बीजगणितात काट दोन कामं करते. एक खोडण्याचं आणि दुसरं छेद देण्याचं. 6/4 मधल्या 6 वर तिरपी रेघ आणि वर बारीक 3, तसंच 4 वर रेघ आणि खाली बारीक 2, हे खोडणं नाही. मुलाने दोनने भाग देऊन 3/2 केले आहेत. समीकरणाच्या एकाच बाजूला +12 आणि −12 दोन्ही असतील आणि दोन्हींवर सारखीच रेघ असेल, तर तेही ‘कॅन्सल’ केलेले आहेत.

फरक ओळखायला सोपा आहे. छेदाची काट जोडीने येते, एका पदापुरती असते, तिच्याजवळ बारीक आकडा किंवा 1 असतो आणि पुढची ओळ त्या बारीक आकड्यावर चालते. खोडण्याची काट एकटी, बहुधा आडवी किंवा नागमोडी असते आणि पुढच्या ओळीत त्या पदाचा मागमूस नसतो. वजाचिन्हावर मारलेली छोटी उभी काट मात्र खरी फसवी आहे, कारण ती नेमकी अधिकचिन्हासारखी दिसते. मुलाला वजा काढून टाकायचा होता की वजाचा अधिक करायचा होता, हे आकड्याच्या सुरुवातीला असेल तर सारखंच. मधल्या पदाच्या आधी असेल, तर पुढची ओळ पाहिल्याशिवाय निकाल लावू नका.

आकडा गिरवलेला आहे, खालचा धरू की वरचा?

वरचा, अर्थातच. अडचण एवढीच की वरचा कुठला हे फोटोत दिसत नाही. दोन बॉलपेनच्या रेघा एकमेकींवरून गेल्या की कुठली वर हे भिंग लावूनही खात्रीने सांगणं कठीण जातं. दाबलेल्या जेपेगमध्ये तर तो नादच सोडा. त्याऐवजी पुढच्या ओळीला विचारा. 4 वर 9 गिरवलाय की 9 वर 4, हे पुढच्या ओळीतल्या बेरजेवरून लगेच कळतं.

पुढची ओळच नसेल, म्हणजे गिरवलेला आकडा शेवटच्या उत्तरातला असेल, तर दोन आधार उरतात. तेच उत्तर मुलाने शेवटी शब्दांत किंवा ‘∴’ च्या ओळीत पुन्हा लिहिलंय का, हा पहिला. जाड आणि पूर्ण आकार कुठल्या आकड्याचा आहे, हा दुसरा. कारण दुरुस्ती करणारा हात नव्या आकड्यावरून दोन-तीनदा जातो. इथे एक सापळा आहे आणि त्यात आम्ही सगळे पडलोय. उत्तरसूची समोर असली की डोळा बरोबर आकडाच वाचतो. 3 चा 8 केलाय की 8 चा 3, हे ठरवताना बरोबर उत्तर 8 आहे हे माहीत असेल, तर तुम्हाला 8 च दिसणार. म्हणून गिरवलेला आकडा आधी वाचायचा, वहीत टिपायचा आणि मग सूची उघडायची. हा क्रम उलटला की तपासणी संपली आणि अंदाज सुरू झाला.

एखादं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

हे पान मागच्या वर्षीचं, तीन गुणांचा प्रश्न: अवयव पद्धतीने सोडवा, 2x² + 5x − 12 = 0. मुलीने निळ्या पेनने सोडवलं होतं. उजव्या समासात एक अरुंद रकाना होता, खाली एक चौकट. दोन तपासनिसांनी वेगवेगळे गुण दिले, म्हणून पान माझ्याकडे आलं.

मी आधी जे दिसतं ते सगळं उतरवून घेते, खोडलेल्यासकट. निकाल त्यानंतर. ही दोन कामं एकदम केली की खोडलेलं उतरवायचं राहून जातं आणि नंतर कुणी विचारलं तर दाखवायला काही नसतं. माझी नक्कल अशी होती:

```
1) 2x² + 5x − 12 = 0
2) 2x² + 6x − x − 12 = 0         [खोडले, पेन]
3) 2x(x + 3) − 1(x + 12) = 0     [खोडले, पेन]
4) 2x² + 8x − 3x − 12 = 0
5) 2x(x + 4) − 3(x + 4) = 0      [दुसरे + गिरवलेले]
6) (x + 4)(2x − 3) = 0
7) x + 4 = 0 किंवा 2x − 3 = 0
8) x = −4 किंवा x = 3/2           [खोडले? पुसट रेघ]
9) चौकट: x = 4, x = −3/2
समास: 121; (−5 ± 11)/4; 3/2, −4
```

दुसरी आणि तिसरी ओळ सोपी आहे. 6 आणि −1 यांची बेरीज 5 येते, पण गुणाकार −24 यायला हवा होता, तो −6 येतो. तिसऱ्या ओळीत दोन कंस जुळेनात तेव्हा तिच्या ते लक्षात आलं, दोन्ही ओळी खोडून तिने चौथी लिहिली. काट आहे, पर्याय आहे, वाद नाही.

पाचव्या ओळीतलं अधिकचिन्ह आधी वजा होतं. त्याची उभी रेघ आडवीपेक्षा गडद आहे आणि खाली ओळीबाहेर आली आहे. सहाव्या ओळीत (x + 4) सामाईक निघालाय, तो दोन्ही कंस सारखे असल्याशिवाय निघत नाही. म्हणजे अधिक धरायचं.

आता खरी गोम. आठव्या ओळीवर एक पुसट रेघ होती. पहिल्या तपासनिसाला ती वहीची छापील रेघ वाटली. त्याने आठवी ओळ उभी आहे असं धरलं, चौकट ही ‘काहीतरी नंतरची गडबड’ म्हणून सोडली आणि तीनपैकी तीन दिले. समासातला रकानाही −4 आणि 3/2 च म्हणत होता, त्यामुळे त्याला आणखी धीर आला. दुसरीने ती रेघ काट मानली आणि दोन दिले.

मी मुलीकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पेन्सिलीची पातळ रेघ त्यात विरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. मूळ फोटोत रेघ स्पष्ट होती. पेन्सिलीची, डावीकडून उजवीकडे जराशी चढणारी, ‘x’ च्या आधी सुरू होऊन 2 च्या पुढे संपणारी. वहीची रेघ समासापर्यंत जाते आणि चढत नाही. म्हणजे आठवी ओळ खोडलेली होती.

तरी समासातल्या रकान्याचा प्रश्न उरलाच. तो खोडलेला नव्हता. तो शेवटचा प्रयत्न असू शकतो का? इथे जागेने साक्ष दिली. चौकटीची उजवी बाजू सरळ खाली येत होती, पण रकान्यातल्या −4 जवळ आली तेव्हा आत वळली आणि तो आकडा ओलांडून पुन्हा बाहेर गेली. म्हणजे चौकट काढताना −4 तिथे आधीच होता. रकाना आधीचा, चौकट नंतरची. शिवाय प्रश्नात अवयव पद्धत सांगितली होती आणि रकान्यात सूत्र वापरलंय, त्यामुळे तो पडताळा होता असं मानायला जागा आहे.

चौकट सातव्या ओळीतून निघत नाही, हे खरं. x + 4 = 0 वरून x = 4 येत नाही. पुढची ओळ आधीच्या ओळीशी जुळवून बघायची कसोटी इथे आठव्या ओळीच्या बाजूने बोलते. पण ती कसोटी काट संशयास्पद असेल तेव्हाची. काट नक्की झाली आणि पर्यायही आहे, तेव्हा काटेचंच ऐकायचं. दोन गुण राहिले: एक चौथ्या ओळीच्या फोडीचा, एक सहाव्या ओळीच्या अवयवांचा. तिसरा गेला.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना,’ ती म्हणाली, ‘मी बदलायचं विसरले असं वाटलं.’ बदलून झालेलं चिन्ह तिने पुन्हा बदललं होतं, दोन्हीकडे. आठव्या ओळीला गुण देऊन मोकळे झालो असतो, तर ही चूक कुणाला कळलीच नसती.

वहीची रेघ आणि काट यांतला फरक नेहमी असाच दिसतो का?

बहुतेक वेळा. वहीच्या रेघा सारख्या अंतरावर असतात, म्हणून संशय आला तर वरच्या आणि खालच्या रेघेपासूनचं अंतर बघा. रेघेच्या खाली उतरून लिहिणाऱ्या मुलांच्या प्रत्येक ओळीतून छापील रेघ जाते आणि सगळं पान खोडल्यासारखं वाटतं; दोन-चार ओळी पाहिल्या की सवय कळते.

दुसरा घोटाळा पाठच्या पानाचा. पातळ कागदावर मागची शाई पुढे उमटते. मागच्या पानावरची जाड काट पुढच्या पानावर फिकट रेघ म्हणून दिसते. ती आरशात पाहिल्यासारखी उलटी असते आणि तिच्या आजूबाजूला उलटी अक्षरंही पुसट दिसतात. मागच्या पानाचा फोटो शेजारी आडवा उलटा करून ठेवला की जागच्या जागी बसते.

स्कॅन करणारी ॲप पान काळं-पांढरं करून स्वच्छ करतात ते तपासनिसाला नकोच असतं. पेन्सिल जाते, निळा आणि काळा पेन एक होतात, सावलीत काटेचा अर्धा भाग नाहीसा होतो. मुलांना सांगून ठेवा, साधा रंगीत फोटो, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पानाच्या चारी कडा दिसतील असा. कडा कापल्या की समासातले बाण जातात.

दोन पूर्ण उत्तरं आहेत आणि एकही खोडलेलं नाही. काय धरू?

इथेही परीक्षा मंडळं निरनिराळं सांगतात. आयबीच्या गणितात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं असतील आणि विद्यार्थ्याने काही खूण केली नसेल, तर पहिलं उत्तर तपासतात. शेवटचं नाही, पहिलं! खोडायचा कंटाळा करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. सीबीएसईची परिचित सूचना वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. विद्यार्थ्याने जास्तीचा प्रश्न सोडवला असेल, तर जास्त गुण मिळणारं उत्तर ठेवून दुसरं ‘जास्तीचा प्रश्न’ असा शेरा मारून खोडायचं. लोक ही सूचना एकाच प्रश्नाच्या दोन प्रयत्नांना लावतात, तसं करू नका.

आमच्याकडचा क्रम असा. मुलाने कुठल्या एकाला चौकट, दुहेरी अधोरेखा किंवा ‘उत्तर’ असा शब्द दिलाय का ते आधी बघायचं. नसेल तर पूर्ण झालेला प्रयत्न धरायचा आणि मध्येच सुटलेला सोडायचा. दोन्ही पूर्ण असतील तर जागेवरून नंतरचा कुठला ते ठरवायचं आणि तो धरायचा. दोन प्रयत्नांतले सोयीचे तुकडे जोडून तिसरंच उत्तर बनवायचं नाही. फोड पहिल्यातली आणि मुळं दुसऱ्यातली, अशी गोधडी शिवायला हात शिवशिवतात, पण तसं उत्तर त्या मुलाने लिहिलेलंच नसतं.

कच्चं काम समजायचं कसं?

बहुतेक मुलं उजवीकडे उभी रेघ मारून तिच्यापलीकडे गुणाकार-भागाकार करतात आणि शेवटी त्यावर एक लांब तिरपी रेघ ओढतात. ते कुणाचाही पर्याय नाही आणि प्रयत्नही नाही, निव्वळ आकडेमोड. त्याकडे बघायचं ते मुख्य ओळीतला न वाचता येणारा आकडा समजून घेण्यापुरतं. बाकी सोडून द्या.

एकाच पानाचे दोन फोटो आलेत आणि दोन्हींत थोडा फरक आहे. नंतरचा कुठला?

फाइलच्या नावावर जाऊ नका. `IMG-20250112-WA0007.jpg` यातली तारीख आणि क्रमांक तुमच्या फोनवर फोटो पोचला त्याचे आहेत, फोटो काढला त्याचे नाहीत. नेट गेलेलं असलं की आधी काढलेला फोटो नंतर पोचतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो आला की काढल्याची वेळही त्याच्यातून निघून गेलेली असते.

पेनने लिहिलेल्या पानाला एक साधी कसोटी आहे: शाई वाढते, कमी होत नाही. पहिल्या फोटोतली प्रत्येक रेघ दुसऱ्यातही असेल आणि दुसऱ्यात काही जास्त असेल, तर दुसरा नंतरचा. दोन्हींत दुसऱ्यात नसलेलं काहीतरी असेल, तर ती दोन वेगळी पानं आहेत, म्हणजे मुलाने उत्तर पुन्हा उतरवून काढलंय. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. अशा वेळी खाडाखोड असलेलं पान मूळ आणि स्वच्छ पान नंतरचं, असं समजायला हरकत नाही. उतरवताना नवी चूक शिरली आहे का, ते मात्र बघा.

पेन्सिल, खोडरबर आणि व्हाईटनर आले की ही कसोटी मोडते.

व्हाईटनर लावलेलं किंवा खोडरबराने पुसलेलं खाली दिसतंय. त्याचं काय?

दिसलं तरी वाचलं नाही असं समजा. पूर्वी पोथी लिहिणारे चुकीच्या अक्षरावर पिवळा हरताळ लावायचे आणि तिथे नवं अक्षर लिहायचे. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलंय. व्हाईटनर हा त्याचाच आजचा अवतार. मुलाने एवढे कष्ट घेऊन झाकलंय, तर तो आपला हेतू स्पष्टच सांगतोय. नुसतं झाकलंय आणि वर काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा ती जागा रिकामी. बऱ्याचदा मूल व्हाईटनर वाळण्याची वाट बघतं आणि लिहायचं विसरून जातं. शेऱ्यात तेवढं सांगा.

पानावर लाल किंवा हिरव्या पेनने दुरुस्ती आहे. ती धरू का?

ती कुणाची हे आधी ठरवा. अक्षर मुलाचं नसेल, तर कुणीतरी आधीच पान तपासलंय आणि तुम्हाला निळ्या शाईपुरतंच बघायचंय. अक्षर मुलाचंच असेल, तर बहुधा वर्गात उत्तर सांगितल्यावर त्याने स्वतः केलेली दुरुस्ती आहे. सराव चाचणीला आपण पहिल्या पेनचा शेवटचा प्रयत्न तपासतो. नंतरच्या दुरुस्तीला गुण नाहीत, पण ती बरोबर असेल तर बाजूला एक बरोबरची खूण जरूर करा.

बाण, हंसपद आणि ‘मागे पाहा’ यांचं काय करायचं?

पाळायचं. हंसपदाच्या वर लिहिलेलं त्या ओळीचाच भाग असतं. बाण जिथे नेतो तिथे जायचं. मागच्या पानाचा फोटो नसेल तर तो मागवेपर्यंत गुण द्यायचे नाहीत. खोडलेल्या ओळीखाली टिंबटिंब किंवा शेजारी ‘हे बरोबर’ असं असेल, तर काट रद्द झाली.

सगळं करूनही ठरत नाही. मग?

‘अनिश्चित’ लिहा, दोन्ही वाचनं टिपा आणि दुसऱ्या तपासनिसाला तुमचा अंदाज न सांगता ते पान दाखवा. दोघांचं वाचन एक आलं तर तेच धरा. नाही आलं तर मुलाला विचारा, पण दोन दिवसांच्या आत, नाहीतर त्यालाही आठवत नाही. विचारायचं ते असं: ‘यातली कुठली ओळ तू ठेवली होतीस?’ ‘यातली बरोबर कुठली?’ असं विचारलंत, तर तो तिथल्या तिथे नव्याने गणित सोडवेल आणि तुम्हाला त्या दिवशीचं उत्तर मिळणार नाही. उत्तरसूची वाटून झाली असेल, तर विचारूच नका. अशा पानावर आम्ही कमी गुणांचं वाचन धरतो आणि तसं लिहितो. यावर आमच्यात अजून भांडण आहे. दोघांचं म्हणणं आहे की संशयाचा फायदा मुलाला द्यावा. परीक्षेत तसंच व्हावं, मलाही वाटतं. सरावात मात्र कमी पडलेला एक गुण घेऊन मूल माझ्याकडे भांडायला आलेलं मला जास्त आवडतं, कारण तेव्हा ते पान उघडून बघतं.